हात मोडला तरी ठाण्यात फक्त एनसी. पोलीस अधीक्षकांना पत्र कसं लिहावं?

रानजाई

गावाकडच्या शेताच्या बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याशी आमचा जुना वाद आहे. गेल्या महिन्यात ११ तारखेला सकाळी ते, त्यांचा मुलगा आणि पुतण्या असे तिघे बांध कोरायला आले. माझ्या वडिलांनी अडवलं तेव्हा मुलाने लोखंडी पाईप मारला. डोक्यावर येणारा फटका वडिलांनी डाव्या हातावर झेलला. बाकीच्या दोघांनी खाली पाडून लाथा घातल्या. शेजारच्या रानात पाणी धरणाऱ्या दोघांनी हे पाहिलं आणि त्यांनीच सोडवलं.

वडील आणि चुलते तसेच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथे एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घेतली, मेडिकल यादी दिली आणि सरकारी दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळी एक्स-रे निघाला, हाताचं हाड मोडलेलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे घेऊन चुलते परत ठाण्यात गेले, तर उत्तर मिळालं, "एनसी झालीय, बांधाचा वाद दिवाणी आहे, कोर्टात जा." त्यानंतरही हेच ऐकवलं जातंय.

आता मला एसपी साहेबांना पत्र लिहायचं आहे. मी केलेला मसुदा असा सुरू होतो: "आपल्या खात्यातील भ्रष्ट अधिकाऱ्यांनी आरोपींशी संगनमत करून आमच्या गरीब कुटुंबावर घोर अन्याय केला असून सामान्य माणसाने न्याय मागायचा तरी कुणाकडे..." पुढे दोन पानं आहेत. हे असं चालेल का? कलमं कोणती टाकायची?

बंडू_पाटील

ताई, मुळात डोक्यावर पाईप मारला म्हणजे ३०७, खुनाचा प्रयत्न. नवीन कायद्यात १०९. तेच टाका, म्हणजे ठाण्याला हलावंच लागेल. आणि पत्र फक्त एसपींना नको. मुख्यमंत्री, गृहमंत्री, आयजी, मानवी हक्क आयोग, सगळ्यांना प्रती पाठवा. कलम १५४(३) खाली लिहायचं असतं. मी स्वतः लिहिलेलं आहे.

कोर्टकचेरी

मी तालुका न्यायालयात फौजदारी काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंडूभाऊ, १५४(३) बरोबर होतं, पण जुन्या संहितेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्यात हीच तरतूद कलम १७३(४) मध्ये आहे. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने खबर नोंदवायला नकार दिला, तर त्या खबरीचा सारांश लेखी आणि टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. त्यातून दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो असा गुन्हा, दिसतो अशी अधीक्षकांची खात्री झाली, तर त्यांनी स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला करायला लावायचा. तेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

रानजाई, तुमच्या मसुद्याची अडचण इथेच आहे. कायद्याने एसपींना एकच गोष्ट पाहायला सांगितली आहे: या कागदातून दखलपात्र गुन्हा दिसतो का? तुमच्या दोन पानांत ठाण्यावरचा राग भरपूर आहे, पण पाईप कुणी मारला, कुठे लागला, कोणतं हाड मोडलं, हे शोधावं लागेल. भ्रष्टाचाराचा आरोप केलात की कागद दुसरीकडेच वळतो. अधिकाऱ्याच्या वागणुकीची चौकशी सुरू होते, त्याचा खुलासा मागवला जातो आणि तुमचा गुन्हा मागे राहतो. तुम्हाला संशय असेल तर ती तक्रार वेगळी करा, या पत्रात नको.

कलमांचं म्हणाल तर खुनाचा प्रयत्न लिहू नका. एक फटका, तो हातावर झेललेला, नंतर लाथा, आणि लोकांनी सोडवल्यावर ते निघून गेले. एवढ्यावर १०९ लावलं की वाचणारा पहिल्या परिच्छेदातच सावध होतो आणि मग बाकीच्या खऱ्या मजकुराकडेही संशयाने बघतो. फटका डोक्याच्या दिशेने आला होता हे घटना सांगताना जरूर लिहा. त्यावर कलम कोणतं लावायचं ते पोलीस आणि न्यायालय बघतील.

तुमच्या बाबतीत सगळं हाडावर उभं आहे. हाड मोडणं ही कायद्याने जबर दुखापत. भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२), ७ वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. नुसती मारहाण ११५(२), शिवीगाळ ३५२ आणि दमदाटी ३५१(२), म्हणजे जुनी ३२३, ५०४, ५०६. ही अदखलपात्र म्हणून एनसीत जातात. सकाळी एक्स-रे नव्हता तेव्हा एनसी घेतली हे एक वेळ समजू शकतो. संध्याकाळी एक्स-रे आल्यावर चित्र बदललं आणि तरीही नोंद बदलली नाही. तुमच्या पत्राचा गाभा हा आहे.

अनिकेत_क

पण एकदा एनसी झाली की पुढच्या तपासाला कोर्टाची परवानगी लागते ना? मग एसपी तरी काय करणार?

कोर्टकचेरी

प्रकरण निव्वळ अदखलपात्र असेल तर लागते. पण एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं कलम १७४(४) सांगतं. हाड मोडल्याचं कळल्यावर परवानगीचा प्रश्नच उरत नाही.

खाकीतला_माणूस

ठाणे अंमलदार म्हणून बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मला ताईंना एकच विचारायचं आहे. एनसीची प्रत तुमच्याकडे आहे का? असेल तर त्यात काय लिहिलंय ते शब्दशः इथे टाका. नावं काढून.

रानजाई

आहे. त्यात असं आहे: "...बांधाच्या कारणावरून गैरअर्जदार यांनी शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली व बघून घेण्याची धमकी दिली." खाली वडिलांची सही आहे. पाईपचा उल्लेखच नाही! वडील म्हणतात, मी पाईपचं सांगितलं होतं. हात सुजलेला, त्यांना घेरी येत होती, वाचून न दाखवता सही घेतली.

हा कागद पत्राला जोडू नये असं चुलत्यांचं म्हणणं आहे, कारण तो आपल्याच विरोधात जातो.

खाकीतला_माणूस

मला हीच भीती होती. जोडा. लपवलात तर तो ठाण्याकडून येणारच. एसपी ऑफिसने अहवाल मागवला की ठाणं पहिलं वाक्य हेच लिहिणार, "अर्जदाराने स्वतःच्या सहीने दिलेल्या एनसीमध्ये हत्याराचा उल्लेख नाही, पाईपची गोष्ट पश्चात्बुद्धीने रचली आहे." त्याआधी तुमच्या पत्रात त्याचा खुलासा आलेला असला पाहिजे.

कोर्टकचेरी

शंभर टक्के सहमत. आणि हे फक्त एसपींपुरतं नाही. नवीन संहितेत दंडाधिकाऱ्यांनी तपासाचा आदेश देण्याआधी पोलिसांचं म्हणणंही विचारात घ्यायचं आहे, कलम १७५(३). म्हणजे एनसीचा कागद न्यायालयासमोर येणारच. आपण दडवलेला कागद समोरच्याने काढला, तर बाकी सगळं खरं असूनही तुमच्या शब्दाचं वजन जातं.

खुलासा मात्र साधा ठेवा. सही वडिलांची आहे हे मान्य करा. त्या वेळी त्यांची अवस्था काय होती, मजकूर वाचून दाखवला नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं, एवढंच लिहा. या शेवटच्या गोष्टीसाठी दवाखान्याचे कागद बघा.

डॉ_स्नेहा

मी सरकारी दवाखान्यात अपघात विभागात काम केलं आहे. मारहाणीचा रुग्ण आला की आम्ही एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करतो. त्या नोंदीत रुग्णाने सांगितलेली हकीकत असते, म्हणजे कशाने मारलं, किती वाजता. जखमेची जागा आणि माप असतं, ती कशाने झाली असावी याचं मतही असतं. वडिलांनी तिथे "लोखंडी पाईपने मारलं" असं सांगितलं असेल तर ते लिहिलेलं असणार, आणि ती नोंद एनसीनंतर काही तासांतली असेल.

पोलिसांना जाणारं दुखापत प्रमाणपत्र तुम्हाला लगेच मिळेलच असं नाही. पण केसपेपर, एक्स-रे आणि त्याचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. एमएलसी नंबर पत्रात लिहा, म्हणजे अधीक्षक कार्यालय मूळ नोंद मागवू शकेल.

कोणतं हाड मोडलंय? एक्स-रे अहवालात बघून सांगाल का?

रानजाई

"डाव्या हाताच्या अल्ना हाडाच्या मधल्या भागात अस्थिभंग" असं आहे. दुसरं हाड शाबूत आहे. आणि केसपेपरवर खरंच "लोखंडी पाईपने मारहाण, सकाळी ८ च्या सुमारास" लिहिलेलं आहे! हे आम्ही आत्तापर्यंत वाचलंच नव्हतं, अक्षर लागत नव्हतं.

डॉ_स्नेहा

डोक्यावर येणारा फटका अडवायला माणूस हात वर करतो तेव्हा करंगळीच्या बाजूचं हाड पुढे येतं. ते हाड म्हणजे अल्ना. ते एकटंच, मधोमध मोडलेलं असेल तर थेट त्यावर बसलेल्या फटक्याशी ते जुळतं. पडताना हात टेकला तर बहुतेक वेळा मनगटाजवळ मोडतं. "तो पडला म्हणून हात मोडला" असं समोरचे म्हणतील, तेव्हा हा फरक कामाला येईल. पत्रात मात्र तुम्ही वैद्यकीय मत लिहू नका. अहवालातले शब्द जसेच्या तसे उतरवा आणि थांबा.

मीनल_ज

माझंही ठाण्याने घेतलेलं नाही. माझ्या बहिणीकडून ओळखीच्या एकाने धंद्यात भागीदारी देतो म्हणून साडेचार लाख घेतले आणि आता फोन उचलत नाही. ठाण्यात म्हणतात, अर्ज द्या, चौकशी करू. ती चौकशी चालूच आहे. एसपींना असंच पत्र पाठवलं तर लगेच एफआयआर होईल का? सुप्रीम कोर्टाने तर सांगितलंय ना, एफआयआर घ्यावीच लागते म्हणून.

कोर्टकचेरी

मीनलताई, तुमचं प्रकरण जरा वेगळं आहे. तुम्ही म्हणताय तो ललिता कुमारी निकाल, नोव्हेंबर २०१३, पाच न्यायमूर्तींचा. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे त्यात आहेच. पण काही प्रकारांत आधी प्राथमिक चौकशी करता येते, हेही त्यातच आहे. पैशाचे व्यवहार, कौटुंबिक वाद, वैद्यकीय हलगर्जी, खूप उशिरा आलेली तक्रार वगैरे. देताना फसवायचा हेतू होता की नंतर धंदा बुडाला, हे तुमच्या प्रकरणात पहिल्या कागदावरून कळत नाही. पत्र पाठवता येईल, पण पैसे घेतानाच तो खोटं बोलत होता हे दाखवणारे मेसेज, बँकेच्या नोंदी जोडल्याशिवाय उपयोग कमी. ही चौकशी किती लांबवता येते यावर नव्या संहितेनंतर वकिलांमध्येही एकमत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

अनिकेत_क

पण चौकशीला १४ दिवस असतात असं मी वाचलंय. मग रानजाई यांच्या ठाण्यालाही ते मिळायला हवेत ना?

कोर्टकचेरी

अनिकेत, तुम्ही वाचलंय ते कलम १७३(३). त्यातली १४ दिवसांची चौकशी फक्त ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आहे, आणि तीही उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने. ११७(२) ला शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे, म्हणजे ते "७ पेक्षा कमी"मध्ये बसत नाही. हत्याराने साधी दुखापत, ११८(१), असती तर ३ वर्षं, आणि मग ठाण्याला ही वाट होती. म्हणून म्हटलं, इथे सगळं हाडावर उभं आहे.

रानजाई

सगळं वाचून वडिलांच्या नावाने नव्याने लिहिलं. नावं आणि गावं काढून टाकते आहे. कृपया बघा.

"प्रति, मा. पोलीस अधीक्षक, ... जिल्हा.

विषय: दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलीस ठाण्याने नोंदवून न घेतल्याबाबत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३(४).

महोदय,

मी मौजे ... येथे शेती करतो. दि. ११ रोजी सकाळी ८ च्या सुमारास गट नं. ... च्या पूर्व बांधावर माझे शेजारी (१), त्यांचा मुलगा (२) व पुतण्या (३) हे बांध कोरत असता मी त्यांना हटकले. त्यावर (२) याने हातातील लोखंडी पाईप माझ्या डोक्याच्या दिशेने मारला. तो मी डाव्या हातावर अडवला. हातात जोराची कळ येऊन मी वाकलो तेव्हा (१) व (३) यांनी मला खाली पाडून पाठीवर व कमरेवर लाथा मारल्या. शेजारील शेतात असलेले (४) व (५) यांनी येऊन मला सोडवले. जाताना (१) याने पुन्हा बांधावर आलास तर जिवंत सोडणार नाही अशी धमकी दिली.

त्याच दिवशी सकाळी १० च्या सुमारास मी भावासह ... पोलीस ठाण्यात गेलो व वरील हकीकत सांगितली. तेथे अदखलपात्र नोंद क्र. ... घेण्यात आली. तिच्यावर माझी सही आहे. मात्र त्यात लोखंडी पाईपचा उल्लेख नाही. त्या वेळी माझा हात सुजलेला होता व मला घेरी येत होती. मजकूर मला वाचून दाखवला नाही. त्याच दिवशी दुपारी शासकीय रुग्णालयात मी सांगितलेली हकीकत केसपेपरवर नोंद असून त्यात लोखंडी पाईपने मारहाण असे नमूद आहे. एमएलसी क्र. ...

त्याच दिवशीच्या एक्स-रे अहवालात डाव्या हाताच्या अल्ना हाडाच्या मधल्या भागात अस्थिभंग असल्याचे नमूद आहे.

दि. १२ रोजी सकाळी ११ च्या सुमारास माझा भाऊ एक्स-रे व अहवाल घेऊन ठाण्यात गेला. हजर असलेल्या अंमलदारांनी, एनसी झालेली असून वाद दिवाणी असल्याचे सांगून गुन्हा नोंदवण्यास नकार दिला."

पुढे काय मागायचं इथे अडकले आहे. न्याय द्यावा, दोषी पोलिसांवर कारवाई करावी, असं लिहू का?

कोर्टकचेरी

उत्तम झालंय. मागणी एका वाक्यात करा: "वरील हकीकतीवरून जबर दुखापतीचा दखलपात्र गुन्हा दिसून येत असल्याने तो नोंदवून तपासाचे आदेश व्हावेत, व प्रथम खबरीची प्रत मला मिळावी." प्रत मोफत मिळते, तो तुमचा हक्क आहे.

दोन सुधारणा सांगतो. "अंमलदार" असं मोघम ठेवू नका. नाव किंवा बक्कल नंबर माहीत असेल तर लिहा, नसेल तर वेळ नेमकी द्या. दुसरी जास्त महत्त्वाची. ठाण्याचा नकार आत्तापर्यंत फक्त तोंडी आहे. म्हणून अधीक्षकांना पाठवण्याआधी हीच हकीकत ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या नावाने लेखी द्या. आवक शिक्का मारून पोच दिली तर ठीक, नाही दिली तर टपालाने पाठवा. काही दिवस थांबून मग अधीक्षकांना पत्र, आणि त्यात ठाण्याला कधी लिहिलं ते नमूद करा.

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. प्रियंका श्रीवास्तव निकालापासून, म्हणजे २०१५ पासून, दंडाधिकाऱ्यांकडे जाताना ठाणं आणि अधीक्षक या दोन्ही पायऱ्या झाल्याचं कागदोपत्री दाखवावं लागतं आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आता ते संहितेतच आलं आहे. पाठवलेल्या पत्राची प्रत आणि टपालाची पावती नसेल तर तिथे अर्ज अडतो.

खाकीतला_माणूस

आणखी एक वाक्य घाला: "दि. ११ व १२ रोजी वरील वेळेचे पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्यात यावे." परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण १८ महिने ठेवायचं, तेवढं ठेवणारी यंत्रणा मिळत नसेल तर निदान १ वर्ष. प्रत्यक्षात कॅमेरा बंद असल्याचं उत्तर येऊ शकतं. तरी वेळेत मागितल्याची नोंद राहते, आणि तुमचे चुलते ठाण्यात आलेच नव्हते असं लिहिताना माणूस विचार करतो.

आता पत्र गेल्यावर काय होतं ते सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. अधीक्षक कार्यालयात आवक नंबर पडेल, तिथून ते उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, आणि बहुतेक वेळा तिथून त्याच ठाण्याकडे "चौकशी करून अहवाल सादर करावा" असा शेरा मारून येईल. मग ठाण्यातून फोन येईल, जबाबाला या. लोक चिडून जात नाहीत, आणि मग अहवालात लिहिलं जातं, "अर्जदारास वारंवार बोलावूनही हजर राहिले नाहीत, अर्ज दप्तरी दाखल." जा. सोबत कुणी घेऊन जा. जबाब पूर्ण वाचा, आणि पाईपचा उल्लेख नसेल तर सही करू नका, दुरुस्त करून मागा. "माझी आता काही तक्रार नाही" असं वाक्य शेवटी घातलेलं असतं, तिकडे विशेष लक्ष ठेवा.

बंडू_पाटील

हे बरोबर सांगितलं. माझा अर्ज असाच दप्तरी दाखल झाला होता. पण सगळ्यांना प्रती पाठवायला हरकत काय? दबाव तर येतो. आणि एफआयआर न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा आहे नवीन कायद्यात, ते पत्रात टाकाच.

कोर्टकचेरी

ते कलम १९९. गुन्हा न नोंदवल्याबद्दलची त्यातली शिक्षा ठरावीक गुन्ह्यांपुरती आहे. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा. हाड मोडण्याला ते लागू नाही, आणि लागू नसलेली धमकी पत्रात घातली की पत्र लिहिणाऱ्याला कायदा माहीत नाही एवढंच कळतं.

प्रतींबद्दल माझं मत असं की ज्यांना पत्र लिहायला कायदा सांगतो त्यांना लिहा. मंत्रालयात गेलेलं पत्र शेवटी अधीक्षकांकडेच येतं, आणि एकाच विषयाचे चार कागद चार टेबलांवर फिरत राहतात.

खाकीतला_माणूस

इथे मी थोडा वेगळा आहे. मंत्रालय नको, पण उपविभागीय अधिकाऱ्यांना एक प्रत द्यावी. चौकशी त्यांच्याकडेच येणार असते. आधी वाचलेलं असलं तर ते ठाण्याचा अहवाल आहे तसा पुढे ढकलत नाहीत, असा माझा अनुभव.

अनिकेत_क

शहरात राहणाऱ्यांनी कुणाला लिहायचं? आमच्याकडे एसपी नाहीत, आयुक्तालय आहे. आणि ईमेल चालतो का?

कोर्टकचेरी

आयुक्तालयात तुमच्या परिमंडळाचे पोलीस उपायुक्त. त्यांना लिहा, हवं तर आयुक्तांना प्रत. ईमेलचं म्हणाल तर, ठाण्याला खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते, मात्र ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. अधीक्षकांबाबतच्या पोटकलमात मात्र शब्द "लेखी आणि टपालाने" असेच आहेत. ईमेल केला म्हणून कुणी अर्ज फेटाळेलच असं नाही, पण मी माझ्या पक्षकाराला तो धोका पत्करू देत नाही. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, आणि पोहोचल्याचा ऑनलाइन तपशील त्याच आठवड्यात छापून ठेवा. हवा तर ईमेलही करा, पण टपालाच्या जोडीला.

रानजाई

पत्र पाठवल्यावर किती दिवस थांबायचं?

कोर्टकचेरी

कलमात दिवस दिलेले नाहीत. कुणी १५ म्हणतं, कुणी ३०. दुखापतीच्या प्रकरणात मी दोन ते तीन आठवडे थांबतो. पाईपसारखी वस्तू जप्त व्हायची असते, साक्षीदारांवर गावात दबाव येतो. पण दोन दिवसांत न्यायालयात पळालात तर "अधीक्षकांना वेळच दिला नाही" असं ऐकावं लागेल.

रानजाई

सर्वांना कळवते आहे. ठाण्याला लेखी दिलं, पोच दिली नाही म्हणून टपालाने पाठवलं. मग आठवडाभराने अधीक्षकांना पत्र पाठवलं, एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना. खाकीतला_माणूस यांनी सांगितलं तसंच झालं, त्याच ठाण्यातून फोन आला. वडील आणि चुलते गेले. जबाबात सुरुवातीला "काहीतरी वस्तूने" असं लिहिलं होतं, वडिलांनी सही थांबवली, मग "लोखंडी पाईपने" असं झालं. मधल्या काळात समोरच्यांनीही आमच्यावर एनसी दिली आहे आणि दोन्ही बाजूंना शांतता राखण्याच्या बाँडची नोटीस आली आहे. वडील त्याने खचले होते.

काल उपविभागीय अधिकाऱ्यांनी स्वतः वडिलांना बोलावून केसपेपर पाहिला. आज गुन्हा नोंदवला. प्रत मिळाली. ११७(२), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि तिघांच्या समान हेतूचं ३(५) अशी कलमं आहेत. पण पाईप असूनही ११८(२) का नाही?

कोर्टकचेरी

चांगली बातमी! नोटिशीला घाबरू नका, अशा वादात दोन्ही बाजूंना ती काढतात. तारखेला वकील घेऊन हजर राहा.

११८(२) म्हणजे घातक हत्याराने जबर दुखापत. ते अजामीनपात्र आहे, शिक्षाही खूप वर. माझ्या मते लोखंडी पाईप, डोक्याच्या दिशेने, त्यात बसायला हवा. तपासात कलम वाढवता येतं. तपासी अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि (४) व (५) यांचे जबाब पाईपबद्दल स्पष्ट घ्यायला सांगा.

खाकीतला_माणूस

वकीलसाहेब, मला इतकी खात्री नाही. पाईप केवढा, किती जाड, हे कुणीच सांगितलेलं नाही. अर्ध्या इंचाचा ठिबकचा तुकडाही पाईपच आणि बोअरचा पाईपही पाईपच. तो जप्त होऊन डॉक्टरांना दाखवला जाईपर्यंत तपासी अंमलदार ११८(२) लावायला कचरणार, आणि मी असतो तरी कचरलो असतो.

रानजाई

पाईप अजून त्यांच्या विहिरीवरच्या खोलीबाहेर पडलेला आहे असं (४) सांगतात. उद्या तपासी अधिकाऱ्यांना तसं लेखी देते, त्याची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना टपालाने. पाईपचा फोटो आम्ही लांबून काढला तर चालेल का?

खाकीतला_माणूस

रस्त्यावरून दिसत असेल तर काढा, त्यांच्या रानात पाऊल टाकू नका. आणि हात लावू नका.